पंधराला काय छापायचं

यास्मीनला अपमान विसरता येत नाही. हे ती लपवत नाही. कुणाला वांगं चालत नाही, तसं तिला माफ करणं चालत नाही, असं ती चहा ओतता ओतता सहज सांगते. सोलापुरात सात रस्ता चौकाच्या बाजूला तिचा प्रोग्रामिंगचा क्लास आहे आणि तो चांगला चालतो. पण तो काढला कुणावर दात ठेवून, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

ते नाव नागनाथ सर. यास्मीन इंजिनिअरिंगला असताना कॉलेजात नोकरीसाठी मुलं निवडायला कंपनी यायची होती, आणि कुणाला मुलाखतीला बसवायचं ते सर ठरवायचे. सगळ्या वर्गासमोर त्यांनी तिला फळ्यावर उभं केलं. प्रश्न नेहमीचाच: एकपासून शंभरपर्यंत आकडे छापायचे, तिनानं भाग गेला तर आकड्याऐवजी ‘फिझ’, पाचानं गेला तर ‘बझ’, दोन्हींनी गेला तर ‘फिझबझ’. यास्मीननं आधी तीन तपासला, नाही तर पाच, आणि तेही नाही तर शेवटी दोन्ही. प्रोग्राम चालवला, तर पंधरापुढं नुसतं ‘फिझ’ आलं.

“हिला कंपनीसमोर उभी केली तर आपलं नाक कापलं जाईल की,” सर म्हणाले. वर्ग पोट धरून हसला. चूक कुठं झाली, असं तिनं विचारलं तेव्हा सर म्हणाले, “तेही मीच सांगू? घरी जाऊन भाकऱ्या थाप.” तिला मुलाखतीला बसू दिलं नाही.

चूक तिची तिनंच शोधली. पंधरा आला की पहिल्याच प्रश्नाला ‘हो’ मिळतं, फिझ छापलं जातं आणि पुढचे प्रश्न कुणी विचारतच नाही. म्हणून दोन्हींचा प्रश्न सगळ्यात आधी हवा. एवढीशी गोष्ट. ती कळल्यावर तिचा राग निवायच्या ऐवजी भडकला.

आणि या उन्हाळ्यात मुलं मिळेनात म्हणून ते कॉलेज बंद पडलं, अन् नागनाथ सर तिच्या क्लासात शिक्षकाची जागा मागायला आले. केस पिकलेले, शर्टाला इस्त्री मात्र कडक. त्यांनी तिला ओळखलं नाही. तिनंही ओळख दिली नाही.

यास्मीनचा एक नियम आहे: शिकवायला येणाऱ्यानं आधी मुलांसमोर फळ्यावर उभं राहायचं. तिनं सरांना तोच प्रश्न घातला. सरांनी झरझर लिहिलं, पंधराची, म्हणजे दोन्हींची, तपासणी सगळ्यात वर. वर्षानुवर्षांचं पाठांतर ते, चुकणार कसं?

“छान,” यास्मीन म्हणाली. “आता सात घाला. सातानं भाग गेला तर ‘पॉप’. जेवढ्यांनी भाग जाईल तेवढे शब्द जोडून छापायचे. आकडे एकशे दहापर्यंत.”

सरांनी पंधराच्या ओळीला धक्का लावला नाही. त्याच्याखाली एकवीस, मग पस्तीस, मग एकशे पाच, आणि शेवटी तीन, पाच, सात. यास्मीन बघत राहिली. आतून तिला गुदगुल्या होत होत्या. प्रोग्राम चालला. एकशे पाचपुढं आलं ‘फिझबझ’. पॉप गायब. एकशे पाचाला पंधरानंही भाग जातो, तेव्हा पंधरानं त्याला वरच गाठलं होतं.

मागच्या बाकावरची कीर्ती खुदकन हसली आणि मग सगळा वर्ग. यास्मीननं कुणालाही गप्प केलं नाही. सरांच्या कानशिलावर घाम आला तो तिनं डोळे भरून पाहिला.

“मी शेख यास्मीन,” ती म्हणाली. “तुमच्या कॉलेजातली. भाकऱ्यावाली.”

सरांनी तिच्याकडं पाहिलं. मान खाली गेली. ते पिशवी उचलायला लागले.

“जाता कुटं, सर? उद्यापासून या. फिझबझनंच सुरुवात करा. मी रोज मागच्या बाकावर बसणार हाय.” हाकलून देणं एका दिवसात संपलं असतं. तिला ते पुरणार नव्हतं.

सर आले. गरज होती, येणारच. पहिल्याच तासाला त्यांनी कीर्तीला फळ्यावर बोलावलं आणि कीर्तीनं आधी तीन तपासला. पंधरापुढं फिझ आलं. पोरगी घाबरून उभी राहिली. सरांनी तोंड उघडलं, मागं बसलेल्या यास्मीनकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“घाबरू नकोस, बाळ. पंधराला पहिल्याच दारात अडवलंस तू. दोन्हींचा प्रश्न वर घे, आपोआप जमेल.”

कीर्तीनं ओळ वर घेतली. पंधरापुढं फिझबझ छापलं गेलं. पोरगी हसली.

यास्मीनला वाटलं होतं, सरांना असं नरमलेलं पाहून काळीज थंड होईल. ते पेटलं. या माणसाला हे इतक्या सोप्या शब्दांत सांगता येत होतं. तेव्हाही येत होतं.

“पुढचं घ्या, सर,” ती म्हणाली, आणि बाकावर आणखी टेकून बसली.