सिरपची उरलेली बाटली

जुलाबांनंतर डॉक्टरांनी आमच्या ह्यांना पोटॅशियमचं सिरप थोड्या दिवसांसाठी दिलं होतं. बाटली उरली. पुढे पायात गोळे आले की हे त्यातलं दोन झाकणं घेत. मी टोकलं तर म्हणत, "ताकत की दवा आहे, जास्त घेतली तर काय बिघडतं?" ब्लडप्रेशरची गोळी चालूच होती. त्यात सुनेने सियागंजच्या बाजारातून कमी सोडियमचं मीठ आणलं. ते कमी खारट लागतं म्हणून हे पोह्यांवर वरून आणखी घालत.

एका सकाळी ह्यांचे हातपाय गळाले. दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त तपासलं. पोटॅशियम फार वाढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी घरातलं सगळं औषध मागवलं. सुनेने मिठाचा पुडाही आणला. त्यांनी तो उलटा करून वाचला.

"आजोबा, ह्यातही पोटॅशियमच आहे. आणि तुमची बीपीची गोळी ते अंगात साठवते. हृदय बंद पडलं असतं."

"मिठाने?"

"मीठ, सिरप, गोळी, तिन्ही मिळून. लेबल वाचत जा, आणि विचारल्याशिवाय काही वाढवू नका."

हे बरे होऊन घरी आले. आता पोहे फिके लागतात म्हणून कुरकुरतात. कुरकुरायला माणूस आहे, तेवढं पुरे.