दोनदा मोजलेला स्लॅब

कर्णबधिर मुलांच्या एका शाळेचं वसतिगृह मी बांधायच्या आधीच पाडलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या आर्किटेक्ट मित्राच्या कामात हे घडलं त्यालाही नाही. शाळेची इमारत चांगली उभी आहे. गळत नाही, कुठं तडा नाही. संशय यावा असं तिच्यात काहीच नाही, आणि त्याचाच मी आसरा घेत आलो.

मी एस्टिमेटची कामं करतो. राजारामपुरीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर माझं ऑफिस आहे. उमेदीची वर्षं नकाशावर पट्टी ठेवून मोजमापं काढण्यात गेली. मग कॉम्प्युटरवरची मॉडेलं आली. मॉडेल म्हणजे नुसतं चित्र नव्हे. त्यातल्या भिंतीला आपली लांबी-उंची माहीत असते, स्लॅबला आपली जाडी माहीत असते. मागितलं की भिंतींचं क्षेत्रफळ दारं-खिडक्या वजा करून समोर येतं आणि काँक्रीटचं घनफळ बेरजेसकट मिळतं. पन्नाशीच्या तोंडावर मी हे शिकलो आणि शिकलो याचा मला फार गर्व झाला. बरोबरीचे अजून पट्टी धरून बसलेले, आणि मी मात्र चहा निवायच्या आत आकडा सांगणारा.

शाळेचं काम माझ्या मित्राकडं आलं. पॉलिटेक्निकपासूनची दोस्ती. पैसा शिरोळकडच्या एका व्यापारी घराण्याचा होता आणि त्यांनी एकच रक्कम बोललेली होती. खाली आणि पहिल्या मजल्यावर वर्ग, आणि त्याच्यावर अर्धा मजला मुलींच्या राहण्यासाठी. तो अर्धा मजला मुख्याध्यापिका बाईंचा हट्ट होता. गगनबावड्याकडच्या मुली पावसाळ्यात येऊ शकत नाहीत, घाटमाथ्यावरचा पाऊस त्यांना महिनोन्‌महिने घरात बसवतो, आणि तेवढ्यात शिकलेलं सगळं मागं जातं, असं त्या सांगायच्या. ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलतानाही बाईंचे हात खुणा करत असायचे. सवयच होती ती.

कच्चं एस्टिमेट माझ्याकडं आलं. मित्राच्या मॉडेलला स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मॉडेल जोडलेलं होतं. बीम, कॉलम, पायातली फूटिंग, सगळं त्या दुसऱ्या मॉडेलात. मोजमापाच्या तक्त्यात ती यावीत म्हणून मी जोडलेलं मॉडेलही हिशेबात घेतलं. इथवर बरोबर होतं. पण स्लॅब दोन्हीकडं होते. मित्राच्या ऑफिसातल्या पोरांनी सुरुवातीला अंदाजानं स्लॅब काढून ठेवलेले, वर फरशीची जाडी धरून. इंजिनिअरचे खरे स्लॅब आले तेव्हा आधीच्यातून काँक्रीट वगळून नुसती फरशी ठेवायला हवी होती. ती कुणी ठेवली नाही. एकाच जागी दोन स्लॅब एकमेकांच्या अंगात बसले होते. डोळ्यांना एकच दिसत होता आणि तक्ता दोन्ही मोजत होता. गाळणी लावून मित्राकडचे स्लॅब बाजूला काढणं हे माझं काम. मी ते केलं नाही. वर, तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून एकेक स्लॅबची ओळ मिटवून फक्त बेरीज ठेवली. ओळी उघड्या असत्या तर एकाच मजल्याचे दोन स्लॅब आंधळ्यालाही दिसले असते.

गंमत बघा, मॉडेल भिंतीचं क्षेत्रफळ एकाच बाजूचं देतं, प्लास्टरसाठी ते दुप्पट करावं लागतं, हे मी आठवणीनं केलं. जे आधीच दुप्पट झालं होतं त्याच्याकडं लक्ष गेलं नाही.

लक्ष गेलं नाही हेही पूर्ण खरं नव्हे. आमच्या धंद्यात एक ताळा असतो. एकूण काँक्रीटला बांधकामाच्या क्षेत्रफळानं भागायचं. असल्या इमारतीला दहा चौरस मीटरमागं चार, फार तर साडेचार घनमीटर लागतं. माझं सहा आलं. मी थबकलो. मग म्हटलं, काळी माती आहे, फूटिंग खोल असतील. फूटिंगचा आकडा त्याच तक्त्यात होता. तो मी बघितला नाही. सळईही काँक्रीटच्या प्रमाणात धरलेली, स्लॅब ओतताना खालून लावायच्या फळ्यांचं सेंट्रिंगही त्याच स्लॅबांच्या क्षेत्रफळावर. म्हणजे एका चुकीनं तिन्ही आकडे फुगले.

बैठक मित्राच्या ऑफिसात झाली. मी आकडा सांगितला. बोललेल्या रकमेच्या बराच वर. बाईंचे हात टेबलावर थांबले.

त्या घराण्यातले थोरले म्हणाले, "आमी एकदा बोललो ते बोललो. वाडवून मागायचं न्हाय. बसतंय तेवढंच बांधा की."

"वरचा मजला सोडला तर बसतंय," मित्र हळूच म्हणाला.

बाई माझ्याकडं वळल्या. "सर, एकदा परत मोजून बघता का? एखादी गोष्ट जास्तीची धरली गेली असेल."

मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं. म्हणालो, "बाई, हे हातानं मोजलेलं नाही. मॉडेलमधनं आलंय. त्यात इंचाचा फरक पडत नाही."

"तसं असेल तर मग बोलायचं काय," बाई म्हणाल्या.

मित्रानं एक प्रयत्न केला. म्हणाला, निदान पाया आणि कॉलम वरच्या मजल्याच्या हिशेबानं करू, पुढं कुणी देणगीदार मिळाला तर चढवता येईल. थोरले म्हणाले, "जे हुणार न्हाय त्याच्यासाटनं जमिनीत पैसा कशाला पुरायचा? काय वो, इंजिनेर?"

मी इंजिनिअर नाही, डिप्लोमावाला आहे. पण त्यांनी विचारलं म्हणून मला फुशारकी वाटली. म्हणालो, "फूटिंगमध्ये चांगलंच वाचेल." आणि तेवढ्या बोलण्यावर पाया हलका करायचं ठरलं.

नव्या नकाशाचं पक्कं एस्टिमेट करताना मी फक्त इंजिनिअरचं मॉडेल घेतलं. काँक्रीट एवढं खाली आलं की मजला कमी झाल्याचं धरूनही जुन्या आकड्याशी जुळेना. जुना तक्ता काढला, ओळी उघडल्या. पहिल्या मजल्याचा स्लॅब, आणि लगेच खाली पुन्हा पहिल्या मजल्याचा स्लॅब, जाडी वेगळी. गच्चीचंही तेच. मी पंखा बंद करून बसलो, का ते सांगता येणार नाही. दुसऱ्यांदा आलेले स्लॅब वगळून बेरीज केली. वरच्या मजल्यासकट सगळं त्या बोललेल्या रकमेत बसत होतं.

तेव्हा जागेवर पायाचे नुसते खड्डे चालू होते. एका बाजूचे झाले होते, दुसऱ्या बाजूला जेसीबी उभा होता. काँक्रीटची एक पाटीही पडली नव्हती. जुने, वरच्या मजल्यासकटचे स्ट्रक्चरल नकाशे तयार होते. खड्डे थोडे रुंद करायला लागले असते, एवढंच. एक फोन पुरला असता. मी फोन हातात घेतला, तेवढ्यात मित्राचाच आला. पक्कं एस्टिमेट त्याला मी सकाळीच, जुना तक्ता उघडायच्या आधी, पाठवलं होतं.

"भावा, एवढं खाली कसं काय आलं रे?"

"कच्चं होतं ते. थोडं वाढवूनच धरायचं असतं," मी म्हणालो.

"लई भारी काम केलंस लेका. थोरले खूश होतील."

मी हूं म्हटलं. पुढं त्यानं दुसऱ्या कामाचं काही विचारलं, त्याचंही उत्तर दिलं. मी घाबरलो होतो. पण धंदा बुडेल म्हणून नव्हे, कामं होती. बाईंसमोर हसलो होतो, ते हसणं परत घ्यावं लागलं असतं, त्याला घाबरलो. आठवड्याभरात पाया भरला गेला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज मला चुकीपेक्षा जास्त वाटते.

उरलेल्या पैशातून घराण्यानं फाटकावर दगडी कमान उभी केली, वर नाव कोरलं. उद्घाटनाला माझा सत्कार झाला. अंदाजापेक्षा कमी पैशात काम बसवलं म्हणून. फेटा बांधणाऱ्यानं तो जरा घट्टच बांधला. बाईंनी श्रीफळ हातात दिलं आणि म्हणाल्या, "तुमच्यामुळं निदान वर्ग तरी झाले, सर." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला असावा.

त्यानंतर मी शाळेकडं जायचं टाळलं. परवाच्या पावसाळ्यात मात्र जावं लागलं. गच्चीवर पत्र्याची शेड घालायची होती, मित्रानं माप घ्यायला पाठवलं. व्हरांड्यात एक माणूस भिजलेल्या चपला बाजूला काढून बसला होता. गगनबावड्याकडं दुधाची गाडी चालवणारा. मुलीचा दाखला काढायला आला होता.

"कुठल्या शाळेत घालताय?" मी विचारलं.

"कुठल्या न्हाय. घरीच ऱ्हाईल आता. पावसात रोज आणायचं जमंना, पावणं. हितं ठेवायची सोय न्हाय. एका पावन्याकडं ठेवून बगितली, पर तिच्या हाताच्या खुणा त्यास्नी कळंनात. पोर उपाशी झोपायची."

मी मापाची टेप गुंडाळत राहिलो. तोच म्हणाला, "बाईनी लई खटपट केली वो. वर खोल्या काडणार हुत्या म्हनं. पर पैसं पुरलं न्हाईत."

"व्हय," मी म्हणालो. एवढंच.

तेवढ्यात बाई दाखला घेऊन बाहेर आल्या. कागद त्याच्या हातात देताना त्यांनी त्याला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "चुकलंच माझं. तेव्हा जरा जोर धरायला हवा होता मी. लोकांच्या दारात जाऊन पैसे उभे केले असते." मग मला बघून हसल्या. "सर, तुम्ही? चहा घेऊनच जायचं हं."

मी चहा घेतला. कप संपेपर्यंत त्या समोर बसल्या होत्या, दुसरं कुणी नव्हतं. शेडला किती पत्रा लागेल ते मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. पुन्हा मोजून बघा असं या वेळी त्यांनी म्हटलं नाही.

इमारत आता काही वर चढत नाही. त्या पायावर मजला बसणार नाही, हे मी कितीदा तपासलं ते सांगत नाही. ते आता माझ्या हातात उरलेलं नाही. बाई येत्या वर्षात निवृत्त होतील, आणि त्या मजल्याचा दोष स्वतःकडं घेऊन जातील.

माझ्याकडं देणं आहे ते असं. बाईंच्या समोर बसून मी सांगायचं आहे, की आकडा माझा चुकला होता, वरचा मजला त्याच पैशात बसत होता, आणि पाया भरायच्या आधी मला ते कळलं होतं. हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.