मुंजाबाची हक्काची रजा

वाळूजच्या आमच्या कंपनीत मी टाइम ऑफिसच्या खिडकीमागे बसायचो, आणि चुकीच्या नावाचा रजेचा अर्ज आला की माझं डोकं फिरायचं. तीन तर रजा. किरकोळ, आजारपणाची आणि हक्काची. तरी निम्मी कंपनी ताप आला की किरकोळ मागणार आणि मेव्हण्याच्या लग्नाला आजारी पडणार. मी खेकसायचो, अर्ज परत ढकलायचो. कामगार मला तोंडावर काकासाहेब म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं, आणि ते काही फार खोटंही नव्हतं.

अशा माझ्या खिडकीवर ज्याला मी कधी नीट रागावू शकलो नाही, तो मुंजाबा.

प्रेस शॉपमध्ये होता. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. उंच, किडकिडीत, मान जरा पुढे काढून चालणारा. शिफ्ट सुटली की सगळे बसमधली जागा धरायला पळायचे, आणि हा गडी सगळ्यांच्या मागून, सगळ्यांना पुढे घालून सावकाश यायचा. बस सुटायची वेळ आली तरी पाय उचलायचा नाही. एकदा मी वैतागून म्हणालो, "अरे, मेंढरं हाकतोस का काय?" तो हसला नाही. म्हणाला, "हाकाया मिळाली असती तर हितं कशाला आलो असतो, काकासाहेब?"

मग हळूहळू कळत गेलं. बिडकीनच्या बाजूचं धनगराचं घर. बाप सूर्यभान, दिवाळी झाली की कळप घेऊन जालन्याकडे, पुढे मंठ्याकडे उतरायचा. वाटेतले शेतकरी रान खाली झालं की मेंढरं बसवून घ्यायचे, खताच्या बदल्यात ज्वारी द्यायचे. पावसाळा तोंडावर आला की माघारी गावाकडे. मुंजाबा सात-आठ वर्षांचा झाला तेव्हा बापाने त्याला बिडकीनला आत्याकडे शाळेत घातलं. तेव्हापासून दर दिवाळीला हा वेशीपर्यंत कळपामागे जायचा आणि तिथून त्याला माघारी धाडायचे. शाळा झाली, आयटीआय झालं, कंपनी लागली. आई गेली. पण वेशीपुढची वाट राहिली ती राहिलीच. वाडा, म्हणजे कळपाचा मुक्काम, कुठे पडतो, कुठल्या विहिरीवर पाणी पाजतात, हे सगळं त्याला ऐकून पाठ होतं. चालून एक कोसही ठाऊक नव्हता.

बापाला भेटायला तो जायचा, नाही असं नाही. पण कसा? किरकोळ रजेवर. किरकोळ रजा वर्षाच्या मोजक्या, आमच्याकडे एका वेळी तीनच्या वर मिळायच्या नाहीत, आणि वर्ष संपलं की उरलेल्या बुडायच्या. मुंजाबा एसटीने जालना गाठायचा, तिथून पुढे विचारत विचारत, कुणी म्हणे कळप काल इथं होता, कुणी म्हणे परवा. शोधण्यातच दिवस जायचा. संध्याकाळी कुठेतरी एकदाची वाघर दिसायची, मेंढरांभोवती लावतात ती जाळी. बाप घोंगडी झटकून द्यायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, "कधी निघायचं?"

"आला नाय तोच जायचं विचारतंय," मुंजाबा मला सांगायचा. "चिडून नाय विचारत. भाकरी किती टाकाया सांगायच्या म्हणून विचारतंय. पण लई लागतं मनाला."

आणि खात्यावर हक्काच्या रजा नुसत्या पडलेल्या! वीस दिवस काम केलं की पुढच्या वर्षाला एक, अशा त्या साठतात. पण साठवायलाही हद्द असते. तिसाच्या वर पुढच्या वर्षात नेता येत नाहीत. याच्या तीस कायम भरलेल्या, आणि वरच्या दर वर्षी गळून जायच्या. माझा जीव तुटायचा. एकदा खिडकीतून हात बाहेर काढून त्याचा सदराच धरला. "का घेत नाहीस रे? लोक एकेका दिवसासाठी माझ्या डोक्यावर बसतात!"

तो शांतपणे म्हणाला, "किरकोळ म्हंजी नर कोकरं. ती इकून खायाचीच. हक्काच्या म्हंजी मेंढ्या. मेंढ्यांला हात लावायचा नसतो, काकासाहेब. कळप त्यांच्यावर उभा राहतो."

मी कपाळावर हात मारला. धनगराचा हिशोब त्याने कंपनीच्या रजेला लावला होता, आणि तो त्याच्या रक्तातच असल्यामुळे त्याने माझं ऐकणं शक्य नव्हतं. हक्काची रजा कामगाराने खायलाच असते, हे मी त्याला दर वर्षी सांगायचो, आणि तो मान हलवून किरकोळचा अर्ज पुढे सरकवायचा.

मग एका उन्हाळ्यात निरोप आला. बापाचे गुडघे गेले होते. ही शेवटची फेरी. गावी पोचलं की पावसाच्या आधी कळप विकायचा, व्यापारी बघून ठेवलाय. मंठ्याकडची रानं आटोपली की वाडा हलणार होता.

मुंजाबाने त्या दिवशी पहिल्यांदा त्या हक्काच्या मेंढ्यांना हात लावायचं ठरवलं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण त्याच्या शेजारच्या प्रेसवर फकिरा होता. फकिरा कंपनीतला स्वयंघोषित वकील. तो म्हणाला, "आजारी रजा टाक. तिला आधी सांगायला लागत नाय. बाप आजारीच हाय ना तुझा? मग झालं तर!" मुंजाबाला ते पटलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. बापाचे गुडघे खरंच दुखत होते. त्याने अर्ज लिहिला, आजारपणाची रजा, कारण वडील आजारी, आणि माझ्याकडे न येता सुपरवायझरच्या टेबलावर ठेवला. मला भ्यायला असावा.

तिथे तो अर्ज आठवडाभर पडून राहिला. मग माझ्याकडे आला, सोबत डॉक्टरचा दाखला नाही म्हणून शेरा मारलेला. मी मुंजाबाला बोलावून घेतलं.

"आजारी कोण आहे?"

"बा."

"मग रजा त्याची का तुझी? आजारपणाची रजा ज्याच्या अंगात दुखणं त्याची असते. दोन दिवसांच्या वर गेली तर डॉक्टरचा दाखला लागतो, आणि परत येताना फिट असल्याचा दुसरा. काय दाखवणार आहेस डॉक्टरला?"

तो खाली बघत म्हणाला, "फकिरा म्हणला, क्रांती चौकात एक डाक्टर हाय, देतो लिहून."

"आणि तू घेणार?"

त्याने मान वर केली. मग म्हणाला, "नाय. बापासंगं पैल्यांदा चालायचं अन् आजारी म्हणून चालायचं, बरं नाय दिसत."

मग त्याने किरकोळचं विचारलं. उरलेल्या सगळ्या द्या, पुढे हक्काच्या जोडा. मी सांगितलं, जोडता येत नाही. किरकोळला हक्काची चिकटवायची नाही, हा आमच्याकडे नियम होता. आणि हक्काचीला पंधरा दिवस आधी अर्ज.

"पंधरा दिवस?" त्याचा चेहरा उतरला. "मेंढरांला तारीख असती का, काकासाहेब? रान सपलं की हलायचं."

"मेंढरांना नसते, कंपनीला असते. तारीख तुझी घाल. ते वाटेत असतील तिथे तू गाठ. आणि कारण खरं लिही."

त्याने माझ्याच टेबलावर अर्ज लिहिला. हक्काची रजा, पंधरवड्यानंतरपासून. कारणाच्या जागी लिहिलं, 'वडिलांसोबत गावी चालत येणे'. सुपरवायझरने तो वाचून माझ्याकडे बघितलं. मी इतक्या कडू तोंडाने बघितलं की त्याने सही केली. मुंजाबाला मी वर हेही सांगितलं, की मधल्या साप्ताहिक सुट्ट्या रजेत धरत नाहीत, म्हणजे दिवस वाढतील. तो पहिल्यांदाच माझ्यासमोर खुलून हसला. ते पंधरा दिवस तो बसकडे जाताना पळायचा.

गेला, आणि मी रोज संध्याकाळी आकाशाकडे बघून मनात म्हणायचो, आता मंठ्याच्या अलीकडे असतील, आता जालन्याच्या. सावरगावच्या माझ्या शेतात आमचे वडीलही मेंढरं बसवून घ्यायचे. पहाटे ती उठताना जो एकदम आवाज होतो, तो मला कितीतरी वर्षांनी ऐकू आला. मला माझ्या वडिलांची फार आठवण आली.

रजा संपल्यावर मुंजाबा खिडकीवर आला. तोंड उन्हाने काळं झालेलं, ओठ फुटलेले.

"गाठ पडली?" मी विचारलं.

"बापाची पडली," तो म्हणाला. "मेंढरांची नाय."

व्यापारी गावी थांबलाच नव्हता. भाव पडायच्या आधी म्हणून थेट वाड्यावर गाड्या घेऊन गेला, आणि मुंजाबा पोचायच्या दोनच दिवस आधी सगळा कळप भरून नेला. कळपाबरोबर असणारा मुंजाबाचा चुलतभाऊ सामान घेऊन एका गाडीतून पुढे गेला. म्हातारा मात्र गाडीत बसला नाही. पोरगं येणार म्हणून निरोप होता ना. तो रिकाम्या रानात कुत्र्याला घेऊन बसून होता.

मला तो आठवडा आठवला. सुपरवायझरच्या टेबलावर आजारी म्हणून पडलेला. मुंजाबालाही आठवला असणार, पण फकिराचं नाव त्याने काढलं नाही.

"मग?"

"बा म्हणला, कधी निघायचं? नेमीसारखं. मी म्हणलं, तुमच्याबरूबर. सुट्टी हाय. त्याला खरंच वाटंना. म्हणला, साहेबाला काय सांगितलंस? म्हणलं, खरं सांगितलं, हक्काची हाय." मुंजाबा खिडकीजवळ सरकला. "मग म्हणला, हक्काची हाय तर एसटीनं कशाला जायाचं? चल."

आणि ती दोघं चालत आली. मेंढरांच्या चालीने, गुडघे सांभाळत. कळप जिथे थांबायचा तिथेच थांबत, ज्या विहिरीवर पाणी पाजायचे तिथेच बसत. शेतकरी विचारायचे, मेंढरं कुठं? म्हातारा त्याचं उत्तर द्यायचा नाही. तो म्हणायचा, "हे माजं पोरगं. कंपनीत असतंय. हक्काची सुट्टी काढून आलंय." लोक भाकरी द्यायचे. कुत्रं मात्र मधेच मागे पळत जायचं, राहिलेलं काहीतरी शोधायचं, आणि जीभ काढून परत यायचं.

"लई वाटायचं, पुढं मेंढरं पायजे होती," मुंजाबा म्हणाला. डोळे पुसले त्याने, माझ्यासमोर, न लाजता. "एकदा तरी."

मी त्याला पाणी दिलं. तो प्यायला, आणि जाता जाता परत वळला.

"काकासाहेब, बापानं इचारलंय, हक्काच्या परत कधी साठत्यात? मी म्हणलं, काम केलं की वीस दिवसाला एक. तर हसाया लागला. म्हणला, मेंढीला वियाला पाच महिने लागत्यात, तुझी रजा लई लवकर वितीय की रं! आशी भराभर वितीय तर पोट मारून कशाला साठवून ठिवलीस इतकी वर्षं?"

एवढं बोलून तो प्रेस शॉपकडे निघाला, सावकाश, मान पुढे काढून, शिफ्टला चाललेल्या सगळ्यांना पुढे घालून.