पहिलं नाव चिमीचं

माझे दाजी साइनबोर्ड रंगवायचे. छापील फलक आले आणि ब्रश खुंटीला लागले. मग त्यांनी आपल्या हाताची वळणदार अक्षरं कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली. त्यांचा फॉन्ट करायचा होता. एकेक वेलांटी सहा-सहा वेळा. कागद स्कॅन झाले की टाकून द्यायचे. "आता पसारा नको," म्हणायचे.

कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, तेव्हा त्यांनी स्वतःच नव्याने विंडोज टाकलं. माझं रिपेअरिंगचं दुकान हाकेच्या अंतरावर, पण मेहुण्याला विचारायचं म्हणजे मान खाली गेली ना! सुरुवातीला विंडोजने नाव विचारलं. मांडीवर त्यांची लेक चिमी होती. लाडाने तिचंच टाकलं.

इथेच घात झाला. पहिलं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असतं, घराच्या कर्त्याचं. नंतर जोडलेली खाती आपोआप स्टँडर्ड होतात. दाजींनी स्वतःचं खातं मागाहून जोडलं, म्हणजे नऊ वर्षांची पोर मालकीण आणि बाप पाहुणा. एखादा प्रोग्रॅम टाकायला गेले की कॉम्प्युटर चिमीचा पिन मागायचा.

"घरात माझं काही चालत नव्हतंच, आता इथेही नाही," असं म्हणून ते हसायचे. ताईही हसायची. मी हसलो नाही, कारण मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे डिस्क भरली. चिमीच्या गेमला जागा हवी होती. सेटिंग्जमध्ये तिला बाबांचं नाव दिसलं. ते काढायचं बटण तिने दाबलं. खातं आणि त्यातला सगळा डेटा जाईल, अशी इंग्रजीत सूचना आली. न वाचताच तिने हो म्हटलं. तिचं खातं स्टँडर्ड असतं, तर तिथेच पासवर्डने अडवलं असतं.

ताईने मला बोलावलं, तोवर गेम बसला होता आणि खात्याबरोबर दाजींची सगळी अक्षरं गेली होती. असं गेलेलं रिसायकल बिनमध्ये येत नाही. डिस्क एसएसडी, तिच्यावरून पुसलेलं परत मिळणं जवळजवळ अशक्यच. मी सगळे उपाय करून पाहिले. एक काना मिळाला नाही. दुसरीकडे कॉपी नव्हती. मला दाजींचा राग आला आणि त्या रागाचीच लाज वाटली.

"बाबा, मी तुमचं नाव परत घालू?" चिमीने विचारलं.

"घाल हं," म्हणत त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

मी पुन्हा विंडोज टाकायला बसलो. "दाजी, ॲडमिनिस्ट्रेटर तुम्ही. चिमी स्टँडर्ड. तुमचा पासवर्ड तुम्हीच टाका, तिला दिसू देऊ नका."

ते खिडकीपाशीच बसून राहिले.

"तिलाच ठेव," म्हणाले. "माझं आता जपण्यासारखं काय राहिलंय त्यात?"

मी ऐकलं नाही. पहिलं नाव त्यांचंच घातलं. पासवर्ड मलाच टाकावा लागला, आणि तो काय आहे हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही.