नारळाची तारीख

माझ्या दिराने पिल्लांचं वय नारळापासून मोजलं. म्हणून मी त्याच्याशी भांडले. अजून भांडतेच आहे म्हणा.

आमची कोंबड्यांची शेड भाईंदरला, मुर्ध्याच्या पुढे, मिठागरांच्या काठाला. हे गेल्यावर तीच काय ती राहिली. शेड माझी, कष्ट दोघांचे. ती आषाढातली खेप तर जीवच होती. श्रावण लागायच्या आत पक्षी गेले तर ठीक, नाहीतर इथले सगळे मटण-कोंबडी सोडून बसतात आणि पक्षी बसतात आमचं खाद्य खात.

जुलैच्या चार तारखेला दिराने तूस पसरला, पिल्लांना ऊब द्यायचे ब्रूडरचे बल्ब लावले, नारळ फोडला आणि भिंतीवर खडूने तारीख लिहिली. पिल्लांची गाडी काही आली नाही. सहा तारखेला आई आजारी म्हणून मी रत्नागिरीला गेले. सातला नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं आली. भिंतीवरची तारीख मात्र तशीच राहिली, चार.

सव्वीसला परत आले, पिशवी खाली ठेवायच्या आत शेडमध्ये गेले. हा बाबा भांड्यांत फिनिशर, मोठ्या पक्ष्यांचं शेवटचं खाद्य, ओततोय!

"भावजी, हे काय?"

"बावीस दिवस झाले वहिनी. एकवीसपर्यंत स्टार्टर, मग फिनिशर. तुम्हीच शिकवलंत."

औषधांच्या डब्यातून मी पिल्लांची पावती काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली. सात तारीख. "नारळ फुटला की पिल्लू जन्माला येतं का हो? आज एकोणीस झालेत! पहिल्या दहा दिवसांचं प्री-स्टार्टरही सतरा तारखेऐवजी चौदालाच संपवलंत ना?"

"भिंतीवर चार आहे," तो म्हणाला. पावतीकडे बघेचना. "आणि नया नगरच्या व्यापाऱ्याला सांगितलंय, आठ ऑगस्टला पस्तीस दिवस भरतात, ने म्हणून."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आठला पक्षी बत्तीस दिवसांचे असणार. व्यापारी दोन किलोच्या खाली हात लावत नाही. वाढीच्या वयात स्टार्टर तोडून फिनिशर घातलं की वजन आणखी मागे पडतं. एकदा त्याची गाडी रिकामी फिरली असती, तर पुन्हा आमच्या रस्त्याला लागली नसती.

मी तिथल्या तिथे भांडी रिकामी केली. स्टार्टरची पोती ओढून काढली. अठ्ठावीसपर्यंत हेच, म्हटलं, एकोणतीसपासून दोन दिवस अर्धं अर्धं मिसळून फिनिशर. विक्री अकराला. आणि शेडमध्ये उभी राहून, स्पीकरवर टाकून, व्यापाऱ्याला फोन लावला.

"भाभी, मुझे तो इतवार के लिए चाहिए था," तो वैतागला. "आपके देवर ने तो आठ बोला था?"

"उनको गिनती नहीं आती," मी म्हटलं.

खाद्य उतरवणारे दोघे हसले. दीर हसला नाही. व्यापारी म्हणाला, ठीक आहे, रविवारचा माल दुसरीकडून घेतो, बुधवारच्या गटारीसाठी अकराला गाडी पाठवतो, पण दो किलो चाहिए, कम हुआ तो वापस.

त्या दिवसापासून दीर माझ्याशी बोलला नाही. पाणी भरायचा, तूस हलवायचा, भांडी आपटायचा. आठ तारखेला मात्र शेजाऱ्यांना बोलावून, मुद्दाम, दहा पक्षी काट्यावर चढवले. एकेक सतराशे, साडेसतराशे ग्रॅम. मी दारात उभी होते. वाटलं, आता तरी म्हणेल, चुकलो. काटा उचलला आणि गेला घरी.

अकराला दोन किलोच्या थोडं वर भरले. गाडी भरून गेली. मी जिंकले, असं मला खरंच वाटलं, चांगलं दोन दिवस वाटलं.

मग तो शेडवर यायचाच बंद झाला. भाईंदर पश्चिमेला कुठल्याशा सोसायटीत वॉचमन लागलाय, असं जावेने सांगितलं. तिने हेही सांगितलं, "दादा असता तर गाडी दारात आल्यावरच नारळ फोडला असता, मला घाई झाली, असं म्हणत होते. तुमच्यापुढे म्हणणार होते. पण तुम्ही फोनवर तसं बोललात."

मी म्हटलं, "मग म्हणायचं होतं."

पुढची खेप आली तेव्हा गाडी दारात उभी, पेट्यांत पिल्लं चिवचिवतायत आणि माझ्या हातात नारळ. आमच्याकडे बाई नारळ फोडत नाही. त्यातून मी अशी. पडतं घेऊन गेले त्याच्या दारात. तो गणवेशाचा शर्ट घालत होता.

"भावजी, गाडी आलीय. चला, नारळ फोडा."

त्याने बटणं लावली, एकेक करून. वर बघितलं नाही.

"तुम्हाला मोजता येतं ना वहिनी?" तो म्हणाला. "मग फोडाही तुम्हीच."

परत आले. ड्रायव्हर घाई करत होता. पायरीवर नारळ आपटला, पहिल्यांदा फुटलाच नाही. तिसऱ्यांदा फुटला. ओल्या हाताने खडू घेतला आणि भिंतीवर त्या दिवसाची तारीख लिहिली. तारीख बरोबर होती.