कापलेली कड

मी कागदांच्या कडा कापते, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. जुनी फाईल स्कॅन केली की प्रत्येक पानाच्या कडेला पंचिंगची भोकं दिसतात. फाईल बांधलेलीच ठेवून कॅमेऱ्याखाली उघडली, तर पान बांधणीकडे खाली वळतं आणि तिथे काळी सावली पडते. गिऱ्हाइकाला दोन्ही नको असतात. मग कॉम्प्युटरवर चौकट ओढून ती कड कापायची, समोरच्या बाजूला डावीकडून आणि पाठीला उजवीकडून. हे विसरलं की पाठीवरच्या ओळींची सुरुवात उडते आणि भोकं मात्र जागच्या जागी राहतात. नवीन मुली हमखास हेच करतात आणि माझ्या शिव्या खातात.

पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीखालीच एक गाळा आहे. धंदा नवऱ्याचा आणि माझा. कंपन्यांमध्ये जाऊन स्कॅनिंग आणि कापाकापी मी करायची, शेवटची पीडीएफ बांधून गिऱ्हाइकाला द्यायची ती त्यांनी. चाकणच्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या फायलींचं काम आम्हाला मिळालं तेव्हा दोघंही खूश होतो. काम झालं की मूळ कागद कातरून टाकायला श्रेडरमध्ये जाणार होते. त्यातही नवल नव्हतं, सगळीकडे तसंच चालतं.

त्या कारखान्याच्या गेटवर एक माणूस पास लिहायचा. लातूरकडचा, पस्तिशीतला, बोलका. तो डाव्या हाताने लिहायचा आणि अक्षरं शाळेत नुकत्याच घातलेल्या पोरासारखी यायची. उजवा हात मनगटाच्या वर संपत होता.

"बसा की ताई," तो म्हणायचा. "मला लिहायला लई येळ लागतो."

हात गेला त्या अपघाताची चौकशी संपेपर्यंत त्याला तिथे बसवलेलं होतं. एकदा मी न राहवून विचारलंच.

"आमी वेल्डिंगला व्हतो," तो म्हणाला. "त्या दिशी माणूस कमी व्हता, तर म्हणले जा पत्रा दाबायच्या प्रेसवर. शिकवलं कुणीच न्हाई. आता म्हणत्यात शिकवलं व्हतं, तुझीच चूक हाय. तसं ठरलं तर घरी बसवत्याल. ह्या हातावर मला कोण ठेवतंय दुसरं?"

मी पास घेऊन आत गेले. वाईट वाटलं, पण पायऱ्या चढेपर्यंतच. दुसऱ्याचं दुःख आपल्याला पुरतं तेवढंच, खोटं कशाला बोलू?

त्याची फाईल माझ्यासमोर आली ती इतरांसारखीच. जाड, टॅगने बांधलेली, भोकं ओढून ओढून लांबट झालेली, टॅगच्या पत्र्याचा गंज प्रत्येक पानावर उतरलेला. ती मी बांधलेल्या अवस्थेतच स्कॅन केली. दुपारी एचआरचे साहेब स्वतः खाली आले. एरवी ते फोनवरच बोलत. त्यांच्या हातात एक सुटा कागद होता.

"मॅडम, हा राहिला होता. तारखेप्रमाणे आत घाला. आणि कडा सगळ्या एकसारख्या कापा हं, नीटनेटकं दिसलं पाहिजे."

मी तो कागद काचेवर ठेवला. प्रेस चालवण्याचं ट्रेनिंग दिल्याची नोंद, खाली सही, तारीख अपघाताच्या कितीतरी आधीची. भोकं मात्र गोल, करकरीत. एका भोकाला कापलेली टिकली अजून चिकटलेली होती. नखाने ढकलल्यावर ती पडली. गंज नाही, सावली नाही. वर्षानुवर्षं टॅगमध्ये अडकलेला कागद असा नसतो, हे कळायला शिक्षण लागत नाही.

साहेब पाठीशी उभेच होते. मी मुकाट्याने स्कॅन केलं, पान आत सरकवलं, चौकट ओढली आणि सगळ्या पानांना लावली. भोकं गेली, गंज गेला, सावली गेली. ते पान शेजारच्या पानांमध्ये असं मिसळलं, जसं काही जन्मापासून तिथंच होतं. इतकी वर्षं मी ज्याला सफाई म्हणत होते ते हे काम होतं, आणि मला माझ्याच कामाची भीती वाटली.

"छान," साहेब म्हणाले आणि सुटा कागद घडी न घालता परत घेऊन गेले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. पीडीएफमध्ये कड कापली की ती लगेच नाहीशी होत नाही. फक्त चौकट आत सरकते. कापलेला भाग खाली तसाच झाकलेला असतो आणि चौकट परत मोठी केली की दिसतो. कायमची कापायची असेल तर प्रत्येक पानाचं नव्याने चित्र काढून पीडीएफ परत बांधावी लागते. आम्ही त्याला पक्कं करणं म्हणतो. गिऱ्हाइकाने पसंत केल्यावर आम्ही फायली पक्क्या करतो आणि न कापलेलं मूळ स्कॅन पुसून टाकतो, असा आमचा रिवाज.

त्या आठवड्यातल्या सगळ्या फायली नवऱ्याआधी मीच पक्क्या केल्या, ती एक सोडून. घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, "ह्या झाल्या आहेत, फक्त सीडीवर चढवा." त्यांना काही सांगितलं नाही. साहेबलोकांसमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटते, उगाच झोप उडाली असती.

गेटवर मी त्या माणसाला हळूच म्हटलं, "दादा, तुमच्या वकिलांना सांगा, कंपनीकडे छापील प्रत मागू नका. सीडी मागा. मी येऊन दाखवते काय ते."

त्याने पेन खाली ठेवलं. "ताई, तुमचं काही वाकडं व्हईल."

"माझं मी बघते," म्हटलं. पेन उचलून परत त्याच्या हातात दिलं.

सीडी मिळायला बरेच दिवस गेले. मग एका दुपारी मी राजगुरुनगरला त्याच्या वकिलाच्या ऑफिसात गेले. तो होता, त्याची बायको होती. ती बाई माझ्याकडे अशी बघत होती की मला खुर्चीत नीट बसवेना. वकिलांनी फाईल उघडली. मी माउस हातात घेतला, ते पान काढलं आणि चौकट मोठी केली.

पान होतं तेवढंच राहिलं. आधीचं पान पाहिलं, नंतरचं पाहिलं. भोकं नाहीत, गंज नाही, सावली नाही. कडेपलीकडे काहीच नव्हतं.

"काय झालं ताई?" त्याने विचारलं. वकिलांनी चष्मा काढून ठेवला आणि मूळ कागदांचं विचारलं. ते कधीच श्रेडरमध्ये गेले होते.

परत येताना बसमध्ये मी स्वतःला समजावत होते की नवऱ्याने सवयीने केलं असेल. अर्धवट काम त्यांना बघवत नाही. गाळ्यात शिरले तेव्हा ते नवीन खोकी रचत होते, त्याच कारखान्याची.

"अहो, ती एक फाईल तुम्ही पक्की केलीत?"

"केली."

"मी तशीच ठेवली होती."

"माहीत आहे." त्यांनी खोक्यावरची चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसवली. "साहेबांचा फोन आला होता. म्हणाले, त्याचा वकील छापील नको, सीडीच मागतोय, कापलेलं परत उघडतं का हो? मी म्हटलं, उघडतं. मग ते इथे आले. तू बसतेस त्या खुर्चीत बसले."

"आणि?"

"आणि त्यांच्यासमोर पक्की करून सीडी बदलून दिली. मूळ स्कॅनही पुसलं." आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू गेटवर कुणाशी बोलतेस ते त्यांना माहीत होतं गं. कुठल्या बसने जातेस, तेसुद्धा माहीत होतं."