उशीर झाला, आणि आम्ही तो कळवला नाही

लांज्याच्या एका काजू कारखान्यात ऑफिसचं सगळं ज्ञानेश्वरी बघायची. नवरा गेल्यावर मुंबई सोडून ती माहेरी आली आणि इथे कामाला लागली. बोलायची कमी. मालक गुरुप्रसाद तिच्यावर काम टाकून निर्धास्त असायचा.

दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या मिठाईवाल्यांकडे शुक्रवारी माल पोचायचा होता. पण त्याच आठवड्यात, निम्मा माल सुकवून झाल्यावर, ड्रायरची कॉइल जळली. गर सुकेना, साल सुटेना. आज दुरुस्त होईल, उद्या होईल, या आशेवर पुण्याला कुणीच कळवलं नाही. ज्ञानेश्वरीनेही नाही. शनिवारी सकाळी तिथली खरेदी बघणाऱ्या अपूर्वा मॅडमची मेल आली. एकच ओळ : "माल कुठे आहे?"

"गाडी बंद पडली म्हणून लिही," गुरुप्रसाद म्हणाला.

"दादा, गाडी भरलेलीच नाही. नंबर मागितला तर?"

"मग काय, आमचंच चुकलं म्हणून लिहायचं? दुसरीकडून घेतील ना!"

ज्ञानेश्वरीने मेल पुन्हा उघडली. "ह्यांच्या आजारात डॉक्टर रोज 'बघू' म्हणायचे. खरं वेळेवर कळलं असतं, तर मी दुसरीकडे तरी नेलं असतं. त्या बाईंना तेवढं तरी करू दे."

गुरुप्रसाद उठून ड्रायरकडे गेला.

तिने आधी शेजारच्या कारखान्याला फोन करून त्यांचा ड्रायर मिळवला, मग लिहिलं :

"मॅडम, माल अजून कारखान्यातच आहे. ड्रायर बिघडलाय. पण बिघाड कळला त्याच दिवशी तुम्हाला कळवायला हवं होतं; ते आम्ही केलं नाही. ऐन दिवाळीत तुमचं काम आमच्यामुळे अडलं, त्याबद्दल मनापासून माफी मागते. निम्मा माल तयार आहे, ओलावा तपासून आज संध्याकाळी निघेल. बाकीचा शेजारच्या कारखान्याच्या ड्रायरवर सुकवतोय, त्यांच्याशी बोलणं झालंय. तो बुधवारी पोचेल. तोवर थांबता येत नसेल तर तेवढी ऑर्डर रद्द करा, आमची हरकत नाही. गाडी निघाली की मी स्वतः फोन करेन. यापुढे अडचण आली तर त्याच दिवशी कळवू."

गुरुप्रसादला वाचून दाखवलं. "पाठव," तो हळूच म्हणाला.

दुपारी अपूर्वा मॅडमचा फोन आला. आवाज कोरडा होता. "निम्मा आजच पाठवा. बाकीचा मी दुसरीकडून घेतेय, बुधवारपर्यंत कारागीर बसवून ठेवता येणार नाहीत."

"बरोबर आहे, मॅडम."

"राग आहेच माझा. पण काय ते खरं सांगितलंत, म्हणून दुसरीकडे विचारता तरी आलं."

संध्याकाळी गाडी निघाली तसा ज्ञानेश्वरीने फोन केला. पुण्याला माल उतरल्यावर पुन्हा केला. शेजारच्या ड्रायरवर सुकवलेला गर मात्र बरेच दिवस गोदामात पडून राहिला, आणि त्यावरून गुरुप्रसाद तिच्याशी जेमतेम बोलायचा.

संक्रांतीच्या आधी पुण्याहून ऑर्डर आली, आधीपेक्षा लहान. खाली लिहिलं होतं : "या वेळी रोज संध्याकाळी काम कुठवर आलं ते कळवा."

ज्ञानेश्वरी रोज कळवत राहिली. काही अडलेलं नसलं तरीही.